१३.९ कुठून आले?

‘सदर विद्यार्थिनी आमच्या प्रशालेत इयत्ता आठवीत शिकत असून ती होतकरू, शिस्तप्रिय व मेहनती आहे. तिला खेळाची मनापासून आवड आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’

या नमुन्याची पत्रं मी नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत किती दिली याचा हिशेब नाही. लेटरहेडवर टाइप करायचं, जावक क्रमांक टाकायचा, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का घ्यायचा, झालं. पुढे एका निवासी क्रीडा संस्थेच्या निवड चाचणीला घड्याळ धरायला मला बोलावलं तेव्हा तीच पत्रं मी टेबलाच्या पलीकडून पाहिली. पन्नास-साठ फायली होत्या आणि पन्नास-साठ मुलं होतकरू, शिस्तप्रिय व मेहनती होती. नावं आपसांत बदलली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. मुख्य प्रशिक्षक ती पत्रं न वाचता उलटत होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

तेव्हापासून मी पत्र वेगळं लिहू लागलो. त्यातलं एक पत्र, आठवीतल्या एका धावपटू मुलीचं, इथे उलगडून दाखवतो.

आधी निवड करणाऱ्यांच्या हातात काय असतं ते पाहू. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान मुलांची निवड करताना ठरलेल्या शारीरिक चाचण्या घेतात: उंची, वजन, धावत येऊन घेतलेले ३० मीटर, उभ्याने लांब उडी, जागेवरची उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, पुढे वाकून लवचिकता, ८०० मीटर. खासगी संस्थांच्या चाचण्याही साधारण याच वळणाच्या. गुण मैदानावरच मिळतात. पत्राला गुण नसतात, आणि नसावेत. पण चाचणी असते एका सकाळची. मुलगी पहाटे चारच्या एस.टी.ने आलेली असते, पोटात एक वडापाव असतो, समोरचा सिंथेटिक ट्रॅक ती आयुष्यात पहिल्यांदा बघत असते. त्या सकाळी मिळालेला आकडा खरा असतो, पण त्याच्या मागचं वर्ष त्यात दिसत नाही. ते वर्ष फक्त शाळेतल्या सरांनी किंवा मॅडमनी पाहिलेलं असतं. पत्राचा उपयोग तिथे आहे: आकडा कसा आला, कोणत्या शरीरातून आला आणि त्यात अजून काय मिसळलेलं नाही, हे सांगायला.

पहिली अडचण आकड्याचीच. एकदा मी नववीतल्या एका मुलाच्या पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, ‘१०० मीटर : १२.९ सेकंद’. चाचणीत फोटो फिनिशच्या यंत्राने त्याला १३.६ दाखवले. मुलगा रडवेला झाला, आणि तिथल्या प्रशिक्षकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. मी खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या घड्याळात १२.९ आलेच होते.

मग हे सात दशांश सेकंद गेले कुठे? घरी आल्यावर मी शोधायला बसलो.

मी अंतिम रेषेजवळ उभा राहायचो आणि सुरुवातीला एक विद्यार्थी शिट्टी मारायचा. शिट्टी ऐकू आली की मी घड्याळ सुरू करायचो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, म्हणजे शंभर मीटर पार करून माझ्या कानापर्यंत यायला त्याला जवळजवळ ०.२९ सेकंद लागत. मुलगा शिट्टीच्या शेजारीच, तो तेवढ्यात निघालेला असायचा. हा वेळ माझ्या घड्याळात कधी धरलाच गेला नाही. दुसरं, माणसाचा अंगठा सुरुवातीला उशिरा दाबला जातो, कारण आधी इशारा कळावा लागतो. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असल्याने अंगठा नेमका किंवा थोडा आधीच पडतो. म्हणून हाताच्या घड्याळाची वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा कमीच येते, आणि १०० व २०० मीटरसाठी दोन्हींची तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवण्याचा रिवाज आहे. दोन्ही मिळून झाले ०.५३.

उरलेल्यासाठी टेप घेऊन मैदानावर गेलो. आमचा शंभर मीटरचा पट्टा मी दरवर्षी पंचवीस मीटरच्या सुती दोरीने चार वेळा मापून फक्की मारत असे. ती दोरी दोन पावसाळे भिजून वाळली होती. स्टीलच्या टेपने तिची लांबी भरली २४ मीटर ६२ सेंटिमीटर. चार वेळा मापताना दीड मीटर गळालं होतं. शेवटी शेवटी सेकंदाला आठ मीटर पळणाऱ्या मुलाला दीड मीटर म्हणजे ०.१८ किंवा ०.१९ सेकंद. बेरीज केली, ०.७१ किंवा ०.७२. सगळे सेकंद सापडले.

त्या दिवसानंतर सुरुवातीला शिट्टीसोबत रुमाल धरलेला हात खाली आणायचा, आणि घड्याळ हात बघून सुरू करायचं, आवाजावर नाही. मोठ्या स्पर्धांतही हाताने वेळ घेणारा पंच पिस्तुलाचा धूर किंवा ज्योत बघून बटण दाबतो, ते याचसाठी. क्लॅपर असेल तर दोन फळ्या मिटताना बघायच्या. आणखी एक नियम फार थोड्या शाळांत पाळला जातो. हाताच्या घड्याळावर शतांश सेकंद दिसतात, पण ते लिहायचे नसतात. वेळ पुढच्या दशांशाला न्यायची: १३.८२ दिसले तरी १३.९ लिहायचे. तीन घड्याळं असतील आणि दोन जुळली तर ती जुळलेली वेळ, तिन्ही वेगळी असतील तर मधली. दोनच घड्याळं असून ती वेगळी आली, तर जास्त असलेली वेळ. हा सगळा नियम खेळाडूच्या विरुद्ध झुकलेला वाटतो खरा, पण त्यामुळेच वेळेवर भरवसा ठेवता येतो. ज्या पत्रात ‘१०० मीटर : १३.८२ सेकंद (हाताचे घड्याळ)’ असं लिहिलेलं असतं, तिथे लिहिणाऱ्याला नियम माहीत नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग पुढच्या आकड्यांकडेही तो त्याच डोळ्यांनी बघतो.

आता आमची मुलगी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत तिच्यावर तीन घड्याळं होती: १३.८२, १३.८७ आणि १३.९४. पुढच्या दशांशाला नेल्यावर १३.९, १३.९ आणि १४.०. दोन जुळली, म्हणून वेळ १३.९. यंत्रावर ती १४.१ च्या आसपास भरेल. वारा मोजायचं साधन तिथे नव्हतं. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरचा वारा असेल तर शंभर मीटरमध्ये साधारण एक दशांश सेकंदाचा फायदा होतो, आणि विक्रमासाठी वाऱ्याची मर्यादा दोन मीटरचीच आहे. आमच्या धावेच्या वेळी क्रीडा संकुलाच्या कोपऱ्यातला झेंडा लोंबत होता. मी ते वहीत टिपून ठेवलं आणि पत्रातही लिहिलं.

ती तिसरी आली. पहिल्या मुलीने १३.६ ची वेळ दिली. निकालपत्र बघणारा कुणीही पहिल्या मुलीला घेईल, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी दोघी शेजारी उभ्या असताना पाहणाऱ्याला दुसरंच काहीतरी दिसत होतं. पहिली मुलगी जानेवारीत जन्मलेली, उंची १६० सेंटिमीटर. आमची त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली, उंची १४४. गट एकच, पण वयात दहा महिन्यांचं अंतर, आणि शरीरात त्याहून बरंच जास्त.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. हे सरासरीचं झालं. एखाद्या मुलीत ती उसळी दहाव्या वर्षी येते, तर एखादीत साडेतेराव्या. उसळीच्या आधी वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढ होत असते, उसळीच्या काळात ती आठच्या घरात जाते, आणि नंतर झपाट्याने मंदावते. ज्या मुलीची उसळी होऊन गेली आहे, तिला लांब पाय आणि जास्त स्नायू मिळालेले असतात. लहान गटांच्या स्पर्धा बहुतेक वेळा अशीच मुलं जिंकतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण त्या जिंकण्यातला किती भाग कौशल्याचा आणि किती भाग नुसता आधी मोठं होण्याचा, हे निकालपत्रातून कळत नाही.

ते कळण्यासाठी महागडं काही लागत नाही. दर तीन महिन्यांनी, सकाळच्याच वेळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून उंची घ्यायची आणि वहीत लिहायची. आमच्या मुलीची उंची ऑक्टोबर २०२३ मध्ये १३९ होती, वर्षाने १४४ झाली. पाच सेंटिमीटर, म्हणजे उसळी अजून आलेली नाही. पालकसभेला आई-वडील आले तेव्हा दोघांना चौकटीला उभं करून मोजलं. आई १५८, वडील १७०. मुलीसाठी ढोबळ हिशेब असा: वडिलांच्या उंचीतून १३ वजा करायचे, आईची उंची मिळवायची आणि निम्मे करायचे. उत्तर आलं १५७.५. या हिशेबात आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं, तेव्हा तो छातीठोकपणे सांगायचा नसतो. पण अजून तेरा-चौदा सेंटिमीटर वाढ शिल्लक असण्याची शक्यता आहे, एवढं म्हणता येतं. वयाबद्दल शंका आली तर संस्था डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, तो त्यांचा प्रश्न. शाळेने जन्मतारीख जनरल रजिस्टरप्रमाणे लिहावी आणि तिथे अजिबात मेहेरबानी करू नये. वर्ष-दोन वर्षं खाऊन पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती दोन वर्षं जिंकतात आणि मग एकाएकी सगळ्यांच्या मागे पडतात.

आता या पत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग. तो मिळवायला एक मोबाइल आणि दहा मिनिटं पुरतात. शर्यतीचा आडव्या बाजूने काढलेला व्हिडिओ हळू चालवायचा आणि पावलं मोजायची. आमच्या मुलीने शंभर मीटरमध्ये ६० पावलं टाकली, पहिल्या मुलीने ५४. म्हणजे आमचीचं एक पाऊल सरासरी १.६७ मीटर, तिचं १.८५. पण वेळेने भागलं की चित्र पालटतं. आमचीचे पाय सेकंदाला ४.३ वेळा पडत होते, पहिल्या मुलीचे जेमतेम चार वेळा. धावेचा वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले पावलांची गती, याखेरीज त्यात दुसरं काही नाही. पहिली मुलगी लांबीवर जिंकली होती, आणि त्या लांबीचा मोठा भाग पायांच्या उंचीतून आला होता. आमची मुलगी गतीवर तिसरी आली होती. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ चा विक्रम केला तो अवघ्या ४१ पावलांत. तिथे उंची आणि गती दोन्ही एका माणसात एकत्र आल्या होत्या.

इथे एक मोह होतो. गती तीच धरायची, वाढलेल्या उंचीने पाऊल लांबवायचं, गुणाकार करायचा आणि ‘ही मुलगी साडेबारात पळेल’ असं लिहून मोकळं व्हायचं. ते लिहू नये. पाय लांबले की ते फिरवायला जड होतात, चाल थोडी मंदावू शकते. वयात येताना मुलींच्या अंगाचा बांधा बदलतो, ताकद त्या प्रमाणात वाढली नाही तर काही जणींची वेळ वर्ष-दीड वर्ष जागची हलत नाही, कधी मागेही जाते. तेराव्या वर्षीच्या वेळेवरून विसाव्या वर्षीची वेळ सांगणारा प्रशिक्षक मला तरी भेटलेला नाही. पत्रात एवढंच लिहायचं की पावलांची गती मोजली, ती अशी आहे आणि उंचीची उसळी बाकी आहे. अर्थ लावायला वाचणारा समर्थ असतो. ओ. एम. नंबियार यांनी १९७६ मध्ये बक्षीस समारंभात लहानग्या पी. टी. उषाला पाहिलं तेव्हा त्यांच्या नजरेत भरली होती तिची सडपातळ अंगकाठी आणि झपाझप चालण्याची ढब. जाणत्या माणसाला तेवढं पुरतं, आपण फक्त ते त्याच्या नजरेसमोर आणायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षणाचं वय. मुलगी किती वर्षांची यापेक्षा ती किती महिने रीतसर सराव करतेय, हे निवड करणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं. दोन मुलींची वेळ सारखीच १३.९ असेल आणि एक चार वर्षं रोज दोन वेळ सराव करत असेल, दुसरी चौदा महिने आठवड्याला चारच दिवस, तर त्या दोन वेळा सारख्या राहत नाहीत. म्हणून मी पत्रात तिने काय केलेलं नाही तेही लिहितो. आमच्या मुलीने कधी स्टार्टिंग ब्लॉक वापरला नव्हता. मुरमात टाचेने खड्डा करून त्यातून ती निघायची. स्पाइक्स पायात घातले नव्हते. वजनं उचलली नव्हती. हे सगळं शिकल्यावर वेळ किती सुधारेल हे मला सांगता येत नाही, पण ते अजून शिल्लक आहे हे मी सांगू शकतो. अनेक सर उलट करतात. मुलीकडून सगळं करून घेतल्याची यादी देतात, कारण त्यात आपली मेहनत दिसते. वाचणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की या झाडाचा रस बराचसा काढून झालेला आहे.

मग दुखणं. ते लपवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे; घेणार नाहीत या भीतीने. वाढत्या वयात टाचेच्या हाडाची मागची बाजू दुखणं, किंवा गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं, हे पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत सर्रास होतं. हाड लवकर लांबतं, स्नायू मागे राहतो आणि जिथे तो हाडाला चिकटतो तिथे कूर्चेवर ताण येतो. टाचेचं दुखणं ओळखायला टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबून बघायची, मूल पाय ओढून घेतं. वाढ पूर्ण झाली की ते बरं होतं, पण तोवर उड्या आणि कठीण जमिनीवरची धाव कमी करावी लागते. हे ठाऊक नसलेल्या नव्या प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात शंभर उड्या मारायला लावल्या, तर मूल महिनाभर बाहेर बसतं आणि ‘घरची आठवण येते म्हणून नाटक करतंय’ असा शिक्का बसतो. लिहिलं तर निदान हे टळतं. मात्र सगळंच लिहायचं नसतं. मुलीची पाळी सुरू झाली की नाही, हे तिच्या वाढीशी जोडलेलं असलं तरी त्याची जागा डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये, पत्रात नाही. ते पत्र क्लार्कपासून वॉर्डनपर्यंत सहा जणांच्या हातून फिरतं. ‘घरची परिस्थिती हलाखीची’ हे वाक्यही मी काढून टाकलं. त्याऐवजी स्पाइक्स घरून घेणं शक्य नाही, असं लिहितो; त्यावर निदान कुणाला काही करता येतं.

निवासी संस्थेत मूल टिकेल का, हा प्रश्न धावेइतकाच मोठा. पहिल्या दोन महिन्यांत परत जाणारी मुलं पळण्यात कमी नसतात. त्यांना भात-वरण बेचव लागतं, रात्री दिवा बंद झाला की रडू येतं, स्वतःचे कपडे धुता येत नाहीत. ‘मनाने खंबीर’ हे शब्द तिथे काही सांगत नाहीत. मी घडलेली एक गोष्ट लिहितो, चांगली असो वा अर्धवट.

तर पत्र असं झालं.

‘प्रति, मा. निवड समिती. विषय : इयत्ता आठवीतील विद्यार्थिनीची १०० व २०० मीटर धावणे या प्रकारांसाठी शिफारस.

मी या विद्यार्थिनीस ऑगस्ट २०२३ पासून चौदा महिने, आठवड्यातून चार दिवस, रोज सव्वा तास शिकवत आहे. त्याआधी तिने रीतसर सराव केलेला नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे तिची जन्मतारीख १९ नोव्हेंबर २०११ आहे.

ऑक्टोबर २०२४ मधील जिल्हास्तरीय स्पर्धेत १४ वर्षांखालील गटात तिने १०० मीटर १३.९ सेकंदांत पूर्ण करून तृतीय क्रमांक मिळवला. वेळ हाताच्या तीन घड्याळांची आहे. वारा मोजलेला नाही. झेंडा स्थिर होता. एक वर्षापूर्वी तिची वेळ शाळेच्या मैदानावर १५.० होती, ते अंतर स्टीलच्या टेपने मोजलेले आहे. वीस मीटर धावत येऊन घेतलेले ३० मीटर ती वर्षापूर्वी ४.२ सेकंदांत धावत असे, आता ३.८ सेकंदांत धावते. उभ्याने लांब उडी १.७४ मीटरवरून १.९० मीटर झाली आहे. या काळात तिची उंची १३९ वरून १४४ सेंटिमीटर झाली. आईची उंची १५८ व वडिलांची १७० सेंटिमीटर आहे. जिल्हा स्पर्धेत तिने ६० पावलांत अंतर कापले. व्हिडिओ सोबत जोडला आहे.

तिने स्टार्टिंग ब्लॉक, स्पाइक्स व वजने वापरलेली नाहीत. तिची सुरुवात कच्ची आहे : दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच ती मान वर करून सरळ होते. मी ती दुरुस्त करू शकलो नाही. २०० मीटरमध्ये वळणावर ती आतल्या रेषेला पाय लावते. यंदा त्यामुळे एकदा बाद झाली आहे.

जून-जुलै २०२४ मध्ये तिची टाच दुखत होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा आठवडे उड्या बंद ठेवल्या. ऑगस्टपासून तक्रार नाही. कृपया पहिल्या महिन्यात कठीण जमिनीवरील उड्या हळूहळू वाढवाव्यात.

तालुक्याच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात ती दुसऱ्या रात्री रडली व घरी फोन मागितला. फोन झाल्यावर राहिली. उरलेले दिवस तिने तक्रार केली नाही. इयत्ता सातवीत तिला गणितात ४१ टक्के गुण आहेत. तिथे मदत लागेल. स्पाइक्स घरून घेणे शक्य नाही.

तिला आणखी किती वेग येईल हे मी सांगू शकत नाही. मी शिकवलेल्या मुलींत या वयात पावलांची इतकी गती मी दोघींचीच पाहिली आहे. आमच्या मैदानावर यापुढे मी तिला फारसे देऊ शकेन असे वाटत नाही, म्हणून ही शिफारस करीत आहे.’

मुख्याध्यापिकांनी सही करण्यापूर्वी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. “सर, हे शिफारसपत्र आहे की तक्रार अर्ज? गणिताचे गुण कशाला? आणि रडली हे कशाला लिहिता?” मी म्हटलं, “मॅडम, रडली ते वाचलं की पुढे राहिली त्यावरही विश्वास बसतो.” त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, पण सही मिळाली. मुलीच्या वडिलांना मात्र मी पत्र आधी वाचून दाखवलं होतं. टाचेचं वाक्य काढा, एवढंच ते म्हणाले. मी काढलं नाही, का ते समजावून सांगितलं. त्याला अर्धा तास आणि दोन चहा लागले.

चाचणीच्या दिवशी सकाळी साडेसातला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. संस्थेचे प्रशिक्षक होते. पाठीमागे शिट्ट्यांचा आवाज येत होता.

“सर, तुमचं पत्र हातात आहे. एक राहिलंय. टाच कुठली, डावी की उजवी?”

माझी जीभ टाळ्याला चिकटली. इतकं सगळं लिहिलं, आणि तेच लिहायचं राहून गेलं होतं.

“डावी,” मी म्हटलं.

“बरं. मग लांब उडी आधी घेतो, ८०० सगळ्यात शेवटी.” आणि त्यांनी फोन ठेवला.